आठ जणांतला शेवटचा : बेल कर्व्ह आपल्या पगारपत्रकापर्यंत कसा पोहोचला

साताऱ्याच्या एमआयडीसीतील एका कारखान्यात मी क्वालिटी विभागात होतो, तेव्हा एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात वर्षभराच्या कामाला मिळालेल्या श्रेणीची पाकिटे वाटली जात. त्या दिवशी कॅन्टीनमध्ये आवाज नेहमीपेक्षा कमी असे, आणि ज्याने पाकीट उघडून लगेच खिशात घातले त्याला कोणी काही विचारत नसे. आमच्या विभागात आठ जण होतो. नियम असा होता की प्रत्येक विभागातील दहा टक्के लोक सर्वांत खालच्या श्रेणीत गेलेच पाहिजेत. आठाचे दहा टक्के म्हणजे शून्य पूर्णांक आठ, आणि माणूस अपूर्णांकात मोजता येत नसल्यामुळे तो आकडा एक धरला जाई. एका वर्षी तो एक मी होतो. त्या निमित्ताने या पद्धतीचा उगम शोधावासा वाटला, आणि तो शोध कारखान्यापासून बराच दूर गेला.

या टक्केवारीमागचा घंटेच्या आकाराचा वक्र, म्हणजे बेल कर्व्ह, मुळात माणसांच्या कामासाठी काढलेला नव्हता. नाणेफेकीसारख्या खेळांतील शक्यता मोजताना द म्वाव्र या गणितज्ञाने १७३३ साली त्याचे गणित मांडले आणि जर्मन गणितज्ञ गाउसने १८०९ मध्ये ग्रहांच्या निरीक्षणांत होणाऱ्या चुका समजून घेण्यासाठी ते वापरले. एकाच गोष्टीचे माप अनेकदा घेतले, तर बहुतेक मापे खऱ्या आकड्याच्या जवळ पडतात आणि दूरची मापे विरळ होत जातात, एवढाच त्याचा अर्थ होता. केतले या बेल्जियन संख्याशास्त्रज्ञाने १८३५ मध्ये ‘सरासरी माणसा’ची कल्पना मांडली आणि मग हा वक्र माणसांच्या उंची-छातीच्या मापांवर बसवला गेला. उंचीला तो बऱ्यापैकी लागूही पडतो, कारण उंची ठरवणारी लहान-लहान कारणे असंख्य असतात आणि माणसे कोणी निवडून रांगेत उभी केलेली नसतात.

कारखान्यात मात्र माणसे निवडूनच घेतलेली असतात. लेखी परीक्षा, मुलाखत, ट्रेनी म्हणून एक-दोन वर्षे, मग कन्फर्मेशन, अशा चार चाळण्यांतून आलेल्या लोकांमध्ये वक्राची खालची शेपटी बरीचशी आधीच कापली गेलेली असते. ती तरीही तिथे आहेच असे गृहीत धरणे, ही या पद्धतीची पहिली आणि माझ्या मते सर्वांत मोठी चूक आहे.

ही पद्धत व्यवस्थापनात रुजवण्याचे श्रेय, किंवा दोष, प्रामुख्याने जॅक वेल्च यांच्याकडे जाते. १९८१ ते २००१ या काळात ते जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकी कंपनीचे प्रमुख होते. वरचे वीस टक्के, मधले सत्तर आणि खालचे दहा अशी वर्गवारी करावी, वरच्यांना भरभरून द्यावे आणि खालच्यांना बाहेरची वाट दाखवावी, हे सूत्र त्यांनी भागधारकांना लिहिलेल्या पत्रातही उघडपणे मांडले होते. यात एक गोष्ट विसरली जाते. त्यांच्या कंपनीत लाखो लोक होते. जे सूत्र लाखोंच्या समूहासमोर मांडले गेले, तेच आठ जणांच्या विभागावर लावले की काय होते, हे साध्या गणिताने तपासता येते.

समजा, एका मोठ्या कंपनीत खरोखरच दहा टक्के लोक कामात कच्चे आहेत आणि ते सर्व विभागांत कसेही विखुरलेले आहेत. आठ जणांच्या एखाद्या विभागात एकही कच्चा माणूस नसण्याची शक्यता ०.९ चा आठवा घात, म्हणजे सुमारे ४३ टक्के येते. नेमका एकच कच्चा असण्याची शक्यता सुमारे ३८ टक्के आणि दोन किंवा अधिक असण्याची सुमारे १९ टक्के. म्हणजे अशा शंभर विभागांपैकी त्रेचाळीस विभागांत चांगल्या माणसावर शिक्का बसतो, एकोणीस विभागांत कच्चा माणूस सहीसलामत सुटतो, आणि ‘प्रत्येकी एक’ हा नियम फक्त अडतीस विभागांतील वस्तुस्थितीशी जुळतो. तेथेही साहेबाने नेमका योग्य माणूस ओळखला, असे गृहीत धरून. या जाचातून सुटण्यासाठी काही ठिकाणी छोटे विभाग एकत्र करून टक्केवारी लावतात. गणित थोडे सुधारते, पण मग क्वालिटीचा माणूस आणि स्टोअर्सचा माणूस यांची तुलना कोणत्या मापाने करायची, हा प्रश्न उभा राहतो.

साहेबाच्या ओळखण्याबद्दलही संशोधन आहे. स्टीव्हन स्कलन आणि सहकाऱ्यांनी २००० साली हजारो व्यवस्थापकांना मिळालेले गुण तपासले, तेव्हा गुणांतील निम्म्याहून अधिक फरक गुण देणाऱ्याच्या स्वतःच्या धाटणीमुळे पडतो, असे दिसले. स्कलन यांनीच २००५ मध्ये दरवर्षी तळाचे लोक काढत राहण्याची प्रतिकृती संगणकावर चालवली. पहिली काही वर्षे फायदा चांगला दिसला, नंतर तो आटत गेला. कारण उघड आहे : उरलेल्यांतील फरक लहान होत जातात आणि निवडीतील चुका तेवढ्याच राहतात.

आकड्यांत न दिसणारे नुकसान मी शॉपफ्लोअरवर पाहिले. आमच्याकडील एका अनुभवी सीएनसी सेटरची एक डायरी होती. कोणत्या पार्टला कोणता इन्सर्ट चालतो, पहिल्या पन्नास नगांनंतर ऑफसेट किती द्यावा, उन्हाळ्यात दुपारी माप का सरकते, हे सारे त्यात बारीक अक्षरात लिहिलेले असे आणि ती डायरी मशीनच्या कपाटावर उघडी पडलेली असे. टक्केवारीचा नियम आल्यावर दुसऱ्याच वर्षी ती त्याच्या डब्याच्या पिशवीत गेली. रात्रपाळीच्या पोराने विचारले, तर ‘बघ की करून, जमतंय’ एवढेच उत्तर मिळे. त्या माणसाला स्वार्थी म्हणणे सोपे आहे, पण शेजारचा सुधारला की आपण खाली घसरणार, हे नियमानेच ठरवले होते.

मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०१३ मध्ये ही पद्धत बंद केली. आपल्याकडे इन्फोसिसने २०१५ मध्ये सक्तीचा बेल कर्व्ह सोडला. खुद्द जनरल इलेक्ट्रिकनेही पुढे वार्षिक श्रेणी देणे थांबवले. अनेक ठिकाणी मात्र नाव बदलून ती चालूच आहे, आणि साहेबांनी दिलेल्या श्रेणी ठरलेल्या टक्केवारीत बसवण्याच्या ‘नॉर्मलायझेशन’च्या बैठकीत पडद्यावरील एक्सेलमध्ये कोणाचे तरी नाव खाली ओढावेच लागते.

मला खालची श्रेणी मिळाली त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये माझी बदली झाली होती, त्यामुळे नव्या साहेबांनी माझे काम जेमतेम सहा महिने पाहिले होते. आठवडाभर न बोलता काढल्यावर मी त्यांना एकच विचारले, ‘साहेब, बैठकीला जाण्याआधी तुम्ही मला काय दिलं होतं?’ त्यांनी थोडे थांबून सांगितले की मधली श्रेणी दिली होती. पुढे मी विचारले की लेखी टिपणात माझ्या कामातील कोणती त्रुटी नोंदवली आहे. दोन होत्या. एक ग्राहकाच्या तक्रारींचे अहवाल उशिरा देण्याची, आणि ती खरी होती. मागील साहेबांनीही ती आधी एकदा लिहिली होती. दुसरी ‘पुढाकार कमी’ अशी होती, तिच्यासोबत ना तारीख होती ना प्रसंग. पहिली मी वहीत उतरवून घेतली आणि पुढच्या वर्षी प्रत्येक अहवालावर तक्रार आल्याची व उत्तर दिल्याची अशा दोन्ही तारखा टाकू लागलो. दुसरीखाली मी फक्त ‘उदाहरण द्यावे’ असे लिहून सही केली. ते उदाहरण शेवटपर्यंत आले नाही.