रुपयाचा हिशेब, धर्मादाय संस्थांचा

धर्मादाय संस्थेच्या वार्षिक अहवालात सामान्य देणगीदारासाठी दिलेला आर्थिक गोषवारा. वर्षभराची जमा हा एक रुपया आणि वर्षभराचा खर्च हा दुसरा रुपया असे धरून त्यांचे पैशांत भाग पाडतात व ‘रुपया आला कुठून’, ‘रुपया गेला कुठे’ अशी दोन वर्तुळे छापतात. मुंबईतील रुग्णालये, वसतिगृहे, बालवाड्या चालवणाऱ्या संस्था आणि रुग्णसाहाय्य मंडळे यांच्या अहवालांत ही वर्तुळे बहुधा अध्यक्षांच्या मनोगतानंतर येतात. लेखापरीक्षकाची सही ताळेबंदावर आणि उत्पन्न-खर्चाच्या पत्रकावर असते. वर्तुळे संस्थेने स्वतः काढलेली असतात. हा फरक पुढील विवेचनाच्या मुळाशी आहे.

या पद्धतीच्या उगमाविषयी दोन मते आढळतात. केंद्रीय अर्थसंकल्पाच्या संक्षिप्त पुस्तिकेत रुपया कुठून येतो व कुठे जातो हे दाखवणारी आकृती असते आणि वृत्तपत्रे ती दरवर्षी छापतात. संस्थांनी तीच उचलली, असे एक मत. दुसऱ्या मतानुसार ‘डॉलरमागे इतके सेंट लाभार्थ्यांपर्यंत’ ही अमेरिकी निधिसंकलनाची भाषा परदेशी देणगीदारांमार्फत इकडे आली. आकृतीपुरते पहिले मत अधिक सयुक्तिक वाटते. मात्र त्या आकृतीतील भाग बरेच जुने आहेत. विश्वस्त निधींची नोंदणी व हिशेब शासनाच्या नजरेखाली आणण्याचे प्रयत्न मुंबई इलाख्यात १९३५ च्या सार्वजनिक न्यास नोंदणी कायद्याने आणि पारशी न्यासांपुरते १९३६ च्या कायद्याने झाले होते. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० (आता ‘महाराष्ट्र’ या नावाने) आणि १९५१ चे नियम यांनी हिशेबाचा नमुनाच ठरवून दिला: ताळेबंद अनुसूची ८ मध्ये, उत्पन्न व खर्च अनुसूची ९ मध्ये. अनुसूची ९ च्या खर्चाच्या बाजूस मालमत्तेवरील खर्च, आस्थापना खर्च, विश्वस्तांचे मानधन, कायदेविषयक खर्च, लेखापरीक्षण शुल्क, घसारा, निधींकडे वर्ग केलेल्या रकमा आणि ‘न्यासाच्या उद्दिष्टांवरील खर्च’ असे स्वतंत्र रकाने आहेत. उद्दिष्टांचे पुन्हा धार्मिक, शैक्षणिक, वैद्यकीय, दारिद्र्यनिवारण व इतर असे पोटभाग पडतात. आजच्या वर्तुळातील ‘कार्यक्रम’ आणि ‘प्रशासन’ हे दोन मुख्य तुकडे याच रकान्यांतून निघतात. निधी गोळा करण्यावरील खर्चाला मात्र अनुसूचीत वेगळा रकाना नाही. जाहिरात, देणगीदार मेळावा किंवा वर्गणी जमवणाऱ्यांचे मेहनताने आस्थापनेत वा किरकोळीत जातात, आणि बऱ्याच वर्तुळांत हा तुकडा मुळीच दिसत नाही त्याचे हेही एक कारण असावे.

अनुसूचीवरून वर्तुळ काढताना काय होते, हे एका कल्पित उदाहरणाने पाहता येईल. कर्करोगाच्या उपचारांसाठी बाहेरगावाहून येणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांना राहण्या-जेवणाची सोय देणारी परळमधील एखादी संस्था घ्यावी. वर्षात तिच्याकडे १ कोटी रुपये आले: सर्वसाधारण देणग्या ४० लाख, एका कंपनीचे सामाजिक उत्तरदायित्व निधीतून ठराविक कामासाठीचे अनुदान ३० लाख, ठेवींवरील व्याज १० लाख आणि देणगीदारांनी लेखी सूचनेसह कॉर्पससाठी, म्हणजे कायम निधीसाठी, दिलेले २० लाख. कॉर्पस थेट ताळेबंदात जातो. उत्पन्नात तो दिसत नाही. कंपनीच्या ३० लाखांतले २४ लाख खर्च झाले व ६ लाख विशिष्ट हेतू निधीत शिल्लक राहिले, म्हणून उत्पन्नात २४ लाखच धरले. परिणामी पत्रकावर उत्पन्न ७४ लाख येते. खर्च ७० लाख: उद्दिष्टांवर ५२, आस्थापना १२, लेखापरीक्षण व कायदेविषयक २, घसारा ४. वाढावा ४ लाख.

आता रुपयातील किती पैसे रुग्णांच्या नातेवाइकांवर खर्च झाले? एकूण खर्चाशी ५२ लाखांचे प्रमाण लावले तर ७४ पैसे. आस्थापनेतील १२ लाखांपैकी ८ लाख हे धर्मशाळेतील स्वयंपाकी, व्यवस्थापक व समुपदेशक यांचे पगार आहेत असे म्हणून ते उद्दिष्टांकडे वळवले, तर ८६ पैसे. घसाऱ्यात रोख रक्कम जात नाही म्हणून तो वगळला, तर ९१ पैसे. आणि वर्षात हाती आलेल्या १ कोटीशी मूळचे ५२ लाख ताडून पाहिले, तर केवळ ५२ पैसे. बाकीचे कॉर्पसमध्ये, न वापरलेल्या अनुदानात, प्रशासन व घसाऱ्यात आणि वाढाव्यात असतात. चारही आकडे एकाच वहीतून निघतात आणि त्यांतला कोणताही खोटा नाही. अहवाल साधारणपणे सर्वांत मोठा आकडा छापतो, हेही खरे.

पगाराची विभागणी यांत सर्वांत वादाची. ती पूर्वीपासून ठरलेल्या आधारावर, म्हणजे कामाच्या तासांवर किंवा जागेच्या क्षेत्रफळावर, आणि दरवर्षी त्याच रीतीने केली असेल तर तिला आक्षेप घेण्याचे कारण नाही. स्वयंपाक्याशिवाय जेवण होत नाही. परदेशी देणग्यांच्या बाबतीत कायद्यानेच हा भेद मान्य केला आहे. २०२० च्या दुरुस्तीने अशा देणग्यांतून करावयाच्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली, पण रुग्णालयातील डॉक्टर, शाळेतील शिक्षक यांचे पगार नियमांनुसार प्रशासकीय धरले जात नाहीत. त्यामुळे एकाच संस्थेचा प्रशासकीय खर्च परदेशी देणग्यांच्या विवरणात एक आणि अनुसूची ९ मध्ये दुसरा असू शकतो. प्राप्तिकराचा हिशेब आणखी वेगळा: १९६१ च्या कायद्यातील व्यवस्थेत उत्पन्नाचा ८५ टक्के भाग उद्दिष्टांसाठी वापरावा लागतो आणि विकत घेतलेली रुग्णवाहिका त्याच वर्षी पूर्ण किमतीने वापरात धरता येते, तर अनुसूची ९ मध्ये तिचा फक्त घसारा येतो.

वस्तुरूप देणग्यांचे मूल्य हेही आकडा फुगण्याचे एक ठिकाण. मुदत संपत आलेली औषधे छापील किमतीने जमेस धरली की जमा व उद्दिष्टांवरील खर्च दोन्ही तेवढ्याच रकमेने वाढतात आणि प्रशासनाचा तुकडा आपोआप लहान होतो. मूल्य कोणत्या दराने धरले हे टिपणीत नसेल, तर वस्तू वगळून प्रमाण पुन्हा काढावे.

पडताळणीसाठी वर्तुळाखालची बेरीज अनुसूची ९ मधील एकूण खर्चाशी जुळते का, हे आधी पाहतात. जुळत नसेल तर घसारा किंवा निधींकडे वर्ग केलेली रक्कम वगळलेली असण्याचा संभव अधिक. त्यानंतर अनुसूची ८ मधील कॉर्पस व विशिष्ट हेतू निधी यांची आरंभीची व अखेरची शिल्लक ताडतात. वर्तुळात न दिसलेला पैसा सहसा तेथे सापडतो. नियम १९ खालील लेखापरीक्षकाचा अहवालही वाचनीय असतो. हिशेब नियमित ठेवले का, विश्वस्तांचे काही हितसंबंध गुंतले आहेत का, निधी उद्दिष्टाबाहेर वापरला का, अशा ठराविक मुद्द्यांना त्यात उत्तर द्यावे लागते. हिशेब वर्ष सर्वसाधारणपणे ३१ मार्चला संपते. अहवाल पुष्कळदा त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी छापला जातो, तेव्हा वर्तुळावरील वर्षही तपासून घ्यावे.

धर्मादाय रुग्णालयांत एक जादा निधी पाहावा लागतो. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जाते. ती खर्च झाली की नुसती साठली, हे वर्तुळावरून कळत नाही, निधीच्या खात्यावरूनच कळते. गणेशोत्सव मंडळांना वर्गणीसाठी कलम ४१-क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. त्यांचा मांडवाजवळ लावलेला जमाखर्च रोखीचा असतो. त्यात घसारा वा कॉर्पस नसल्याने वरील प्रश्न फारसे उद्भवत नाहीत.