प्रतिपिंडांची प्राथमिक न्यूनता

शरीरात प्रतिपिंडे तयारच होत नाहीत किंवा त्यांचा एखादा वर्ग कमी पडतो, आणि त्याचे कारण दुसरा आजार किंवा औषध नसून मूळ प्रतिकारयंत्रणेतच असते, अशा विकारांचा हा गट आहे. कोणते प्रतिपिंड नाही यावर कोणता जंतू शिरकाव करणार हे बऱ्याच अंशी ठरते. आयजीजी, आयजीए आणि आयजीएम हे प्रतिपिंडांचे प्रमुख वर्ग. एक्स गुणसूत्राशी निगडित अगॅमाग्लोब्युलिनिमिया (एक्सएलए) आणि निवडक आयजीए न्यूनता या गटातील दोन टोकांच्या विकारांत हे स्पष्ट दिसते.

अमेरिकी लष्करी बालरोगतज्ज्ञ ऑग्डेन ब्रुटन यांनी 1952 मध्ये आठ वर्षांच्या एका मुलाची हकिगत प्रसिद्ध केली. न्यूमोकोकस जंतू त्याच्या रक्तात पुन्हा पुन्हा शिरत होता. प्रत्येक वेळी प्रतिजैविकाने मुलगा बरा होई आणि काही काळाने पुन्हा आजारी पडे. न्यूमोकोकसची लस टोचूनही त्याच्या रक्तात प्रतिपिंडे उमटली नाहीत. रक्तद्रवातील प्रथिने विजेच्या साहाय्याने वेगळी केली, तेव्हा ज्यात प्रतिपिंडे असतात तो गॅमा ग्लोब्युलिनचा पट्टाच दिसला नाही. ब्रुटन यांनी दात्यांच्या रक्तातून काढलेले गॅमा ग्लोब्युलिन त्याला दरमहा त्वचेखाली टोचले आणि रक्तदोषाचे झटके थांबले. निदान आणि उपचार एकाच लेखात हाती यावेत, असे वैद्यकात क्वचितच घडते.

हाच आजार म्हणजे एक्सएलए. त्याचे कारण कळायला मात्र 1993 उजाडले. एक्स गुणसूत्रावरील बीटीके या जनुकात दोष असला की प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी पेशींची अस्थिमज्जेतील वाढ सुरुवातीच्या टप्प्यावरच अडते. मुलग्यांमध्ये एक्स गुणसूत्र एकच असते, म्हणून आजार जवळजवळ नेहमी मुलग्यांनाच होतो. आई सहसा केवळ वाहक असते. जन्मतः बाळाच्या रक्तात आईचे आयजीजी असते. त्याचे प्रमाण दर तीन आठवड्यांनी सुमारे निम्मे होत जाते, त्यामुळे पहिले काही महिने बरे जातात आणि साधारण सहा महिन्यांनंतर कान, सायनस आणि फुप्फुसांचे संसर्ग सुरू होतात. याच कारणाने पहिल्या महिन्यांत आयजीजी मोजून निदान होत नाही. रक्तातील बी पेशी मोजाव्या लागतात. त्या जवळजवळ नसतातच. घसा तपासताना टॉन्सिल अगदी लहान दिसणे हीही एक खूण आहे, पण ती सहज नजरेतून सुटते.

न्यूमोकोकस आणि हिमोफिलस इन्फ्लुएन्झा यांच्याभोवती शर्करेचे निसरडे कवच असते. भक्षक पेशींना ते पकडता येत नाही. आयजीजी कवचाला चिकटले की पेशींना पकड मिळते. ते नसेल तर जंतू मोकळा राहतो. गोवर आणि कांजिण्यांतून मात्र ही मुले बहुधा इतरांसारखीच बरी होतात, कारण संसर्ग झालेल्या पेशी मारण्याचे काम टी पेशींचे असते आणि त्या शाबूत असतात. बुरशीचे आणि क्षयाचे संसर्गही म्हणून येथे ठळक नसतात.

एंटेरोव्हायरस हा मोठा अपवाद. हा विषाणू आतड्यातून रक्तात आणि तेथून मेंदूकडे जातो, व वाटेत त्याला निष्प्रभ करणे प्रतिपिंडांवर अवलंबून असते. एक्सएलएत त्यामुळे महिनोन्‌महिने रेंगाळणारा मेंदूदाह होऊ शकतो. तोंडावाटे दिली जाणारी पोलिओची जिवंत लस याच कारणाने या मुलांना देत नाहीत. तिच्यातील विषाणूमुळेच पक्षाघात होऊ शकतो. जिआर्डिया या आतड्यातील परजीवीमुळे लांबणारा जुलाब आणि मायकोप्लाझ्मा या जिवाणूमुळे होणारा सांधेदाह हेही याच यादीतले.

उपचार म्हणून आयजीजी आयुष्यभर द्यावे लागते: शिरेतून दिल्यास दर किलो वजनामागे सुमारे 400 ते 600 मिलिग्रॅम, तीन-चार आठवड्यांनी, त्वचेखाली दिल्यास सहसा दर आठवड्याला. गंभीर संसर्ग त्याने खूप कमी होतात. मात्र आयजीए आणि आयजीएम यांची उणीव त्यातून भरून निघत नाही. श्वासनलिकांचे आतले संरक्षण अपुरेच राहते आणि काही रुग्णांत उपचार चालू असतानाही त्या कायमच्या रुंदावतात.

निवडक आयजीए न्यूनतेत चित्र बरेच सौम्य असते. चार वर्षांवरील व्यक्तीत आयजीए दर डेसिलिटरला 7 मिलिग्रॅमहून कमी आणि आयजीजी व आयजीएम नेहमीइतके, अशी तिची व्याख्या आहे. हा या गटातील सर्वांत जास्त आढळणारा विकार, तरीही बहुतेकांना तो असल्याचे कळतही नाही, कारण आतडे आणि श्वासमार्ग यांच्या अस्तरावर आयजीएम बऱ्यापैकी आयजीएची जागा घेते. त्रास झालाच तर सायनस, कान व श्वासनलिकांचे वारंवार संसर्ग आणि जिआर्डिया, म्हणजे पृष्ठभागावरचे दुखणे. रक्तातील आयजीजी नेहमीचे असल्याने रक्तदोष सहसा होत नाही. फुप्फुसांचे संसर्ग गंभीर असतील, तर आयजीजीचा एखादा उपवर्गही, विशेषतः आयजीजी-2, कमी आहे का ते पाहतात. आयजीए भरून देणारे औषध नाही. संसर्ग झाला की प्रतिजैविके देतात.

या न्यूनतेत सीलिअ‍ॅक रोगाचे, म्हणजे गव्हातील ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणाऱ्या विकाराचे, प्रमाण जास्त असते, आणि त्याची नेहमीची रक्तचाचणी आयजीए वर्गाच्याच प्रतिपिंडांवर आधारलेली आहे. आयजीए नसेल तर रोग असूनही ती नकारात्मक येते. म्हणून सोबत एकूण आयजीए मोजतात आणि ते कमी निघाल्यास आयजीजीवर आधारलेली चाचणी करतात.