वाहनचोरीचा विमा दावा ‘उशिरा कळवले’ म्हणून नाकारला असेल तर

वाहन चोरीला गेल्यावर मालक आधी शोधाशोध करतो, मग पोलीस ठाण्याच्या फेऱ्या मारतो, आणि विमा कंपनीला कळवायचे राहून जाते. काही आठवड्यांनी दावा दाखल केला की कंपनीचे पत्र येते : पॉलिसीच्या पहिल्या अटीनुसार तात्काळ सूचना दिली नाही, सबब दावा नामंजूर. अनेक जण हे पत्र अंतिम मानून गप्प बसतात. वास्तविक अशा नकाराला कायद्याच्या मर्यादा आहेत, आणि त्या माहीत असतील तर उशीर झालेला दावाही मंजूर होऊ शकतो.

मोटार पॉलिसीतील ती अट नीट वाचली तर तिच्यात दोन वेगळी कर्तव्ये दिसतात. अपघात किंवा नुकसान झाल्यास कंपनीला तात्काळ लेखी कळवावे, हे पहिले. चोरी किंवा अन्य गुन्हा घडल्यास पोलिसांना तात्काळ कळवावे आणि गुन्हेगाराला शिक्षा होण्यासाठी कंपनीला सहकार्य करावे, हे दुसरे. अपघातात कंपनीला त्वरेने कळवण्यामागे ठोस कारण असते, कारण सर्व्हेअरला मोडलेले वाहन दुरुस्तीपूर्वी पाहायचे असते. गॅरेजमधून नवे भाग बसवून आल्यावर त्याला तपासण्यासारखे फारसे उरत नाही. चोरीत मात्र पाहायला वाहनच नसते. ते शोधण्याचे अधिकार पोलिसांना आहेत, कंपनीच्या सर्व्हेअरला नाहीत. म्हणून चोरीच्या दाव्यात पोलिसांकडे झालेला उशीर आणि कंपनीकडे झालेला उशीर यांचे वजन सारखे नाही.

सर्वोच्च न्यायालयाने हाच भेद 24 जानेवारी 2020 रोजी गुरशिंदर सिंग विरुद्ध श्रीराम जनरल इन्शुरन्स या निकालात स्पष्ट केला. त्यात चोरीला गेलेल्या ट्रॅक्टरची फिर्याद लगेच नोंदवली होती, पण कंपनीला 52 दिवसांनी कळवले होते. तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले की एफआयआर तात्काळ नोंदवली असेल, पोलिसांनी वाहन सापडत नसल्याचा अंतिम अहवाल दिला असेल आणि कंपनीच्या चौकशीत दावा खरा ठरला असेल, तर कंपनीला उशिरा कळवले एवढ्याच कारणावरून तो नाकारता येणार नाही. यापूर्वी 2010 आणि 2017 मध्ये दोन न्यायमूर्तींच्या पीठांनी परस्परविरोधी निकाल दिले होते. तो वाद या निकालाने मिटला. पुढे 2022 मध्ये जैना कन्स्ट्रक्शन प्रकरणात ट्रकच्या जबरी चोरीची माहिती कंपनीला पाच महिन्यांहून अधिक उशिराने मिळाली होती. तेथेही एफआयआर दुसऱ्याच दिवशी झाल्याने न्यायालयाने कंपनीचा नकार अमान्य केला.

विमा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे आयआरडीएआयने, 20 सप्टेंबर 2011 रोजीच परिपत्रक काढून कंपन्यांना बजावले होते की अपरिहार्य कारणांमुळे झालेल्या उशिराचा आधार घेऊन खरे दावे यांत्रिकपणे नाकारू नयेत. जो दावा वेळेत येऊनही नाकारलाच गेला असता, त्याचीच गोष्ट वेगळी. तक्रार अर्जात या परिपत्रकाची तारीख आवर्जून लिहावी.

आता हे एका कल्पित उदाहरणावर लावून पाहू. समजा, नारायणगावच्या एका भाजी व्यापाऱ्याचा पिकअप 3 मार्चच्या रात्री घरासमोरून चोरीला गेला. 4 मार्चच्या पहाटे त्याने 112 वर फोन केला आणि सकाळी ठाण्यात लेखी अर्ज दिला, परंतु ‘आधी शोधून बघा’ असे सांगण्यात आल्याने एफआयआर 6 मार्चला झाली. 9 ते 19 मार्च वडील रुग्णालयात होते. कंपनीला त्याने 24 मार्चला कळवले. येथे दोन उशीर आहेत आणि दोन्हींचे स्पष्टीकरण वेगवेगळे द्यावे लागेल. एफआयआरच्या दोन दिवसांच्या उशिरासाठी 112 च्या कॉलची फोनमधील नोंद आणि अर्जाची पोच दिलेली प्रत हा पुरावा होईल. कंपनीकडच्या उशिरासाठी रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड आहे, पण ते 9 ते 19 मार्च एवढाच काळ झाकते. उरलेल्या दिवसांचे काय, हा प्रश्न कंपनीचा चौकशी अधिकारी हमखास विचारतो. 6 ते 8 मार्चला पोलिसांसोबत टोलनाक्यावरील चित्रीकरण पाहिले असेल, 20 मार्चनंतर एजंटाला व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश पाठवला असेल, तर तेही तारखेसह लिहावे. सगळा काळ एकाच कारणात बसवण्याचा मोह टाळावा.

स्पष्टीकरणाचे पत्र साधे असावे. उदाहरणार्थ : ‘वाहन दिनांक 3 मार्च रोजी रात्री चोरीस गेले. दिनांक 4 मार्च रोजी पोलिसांना लेखी कळवले असून पोच सोबत जोडली आहे. एफआयआर दिनांक 6 मार्च रोजी नोंदवली गेली. दिनांक 9 ते 19 मार्च या काळात वडील रुग्णालयात असल्याने आपणास कळवता आले नाही. कागद सोबत आहेत. पोलीस तपास सुरूच असल्याने या विलंबामुळे आपल्या चौकशीत कोणताही अडथळा आलेला नाही. विलंब माफ करून दाव्याचा गुणवत्तेवर विचार व्हावा.’ याच्याशी पॉलिसीची प्रत, आरसी, वाहनाच्या दोन्ही किल्ल्या आणि एफआयआर जोडावी लागते. तपास निष्फळ ठरल्यावर पोलीस न्यायालयात जो ‘अ समरी’ अहवाल पाठवतात, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी व माल सापडला नाही, तो मिळाला की पुढे द्यावा. कंपनीच्या चौकशी अधिकाऱ्याला दिलेल्या जबाबातील तारखा या पत्राशी जुळल्या पाहिजेत. जबाब वाचल्याशिवाय त्यावर सही करू नये, कारण माझ्या मते दावे फसतात ते उशिरापेक्षा तारखांच्या विसंगतीमुळे अधिक.

‘अट माहीत नव्हती’ हे कारण एकटे टिकत नाही. ‘एजंटाला सांगितले होते’ हेही लेखी पुराव्याशिवाय दुबळे आहे. आणि पोलिसांकडेच कित्येक दिवस गेलो नाही, अशी स्थिती असेल तर वरील निकालांचा आधार फारसा मिळणार नाही, कारण ते सर्व एफआयआर तत्परतेने झाल्याच्या पायावर उभे आहेत. ठाण्यात नोंद घेतली जात नसेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार पोलीस अधीक्षकांकडे टपालाने लेखी तक्रार पाठवता येते. त्या टपालाची पावतीही पुढे तत्परतेचा पुरावा ठरते.

दावा नाकारल्याचे पत्र नेहमी लेखी मागावे आणि त्यातील कारण अक्षरशः वाचावे. कंपनी पुढे तक्रारीच्या सुनावणीत पत्राबाहेरचे नवे कारण आणू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये गलाडा पॉवर प्रकरणात उशिराच्याच मुद्द्यावर सांगितले आहे. पत्रात उशिराचा उल्लेख नसेल, तर कंपनीला तो नंतर उकरून काढता येत नाही.

प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करावा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर विमा लोकपालाकडे एका वर्षाच्या आत विनाशुल्क तक्रार करता येते. महाराष्ट्रात मुंबई, पुणे व ठाणे येथे त्यांची कार्यालये आहेत. तेथे वकील नेमता येत नाही, स्वतःच बाजू मांडावी लागते, म्हणून तारखांचा तक्ता हाताशी ठेवावा. जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही आहे. तेथे तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, आणि ती कंपनीशी पत्रव्यवहार चालू आहे म्हणून थांबत नाही.