धावताना पाणी किती प्यावे?

“दमट उन्हाळ्यात लांब धावताना तहान लागो वा न लागो, जितके जास्त पाणी प्याल तितके सुरक्षित.”

हा समज चुकीचा आणि धोक्याचा आहे. घामावाटे पाण्याबरोबर सोडियमही जाते, आणि दमट हवेत घाम नीट वाळत नसल्याने तो शरीर पुरेसे थंड न करताच वाहत राहतो. अशा वेळी मूत्रपिंडे बाहेर टाकू शकतील त्याहून अधिक पाणी प्यायल्यास रक्तातील सोडियमचे प्रमाण उतरते, पेशींत पाणी शिरते आणि मेंदूला सूज येऊन डोकेदुखी, उलट्या, गोंधळलेपणा, प्रसंगी झटकेही येतात. ही लक्षणे पाणी कमी पडल्यासारखीच भासतात. म्हणून आणखी पाणी पाजले जाते, आणि खरा धोका तिथेच आहे. क्षारयुक्त पेयांतही रक्ताच्या मानाने सोडियम बरेच कमी असते, त्यामुळे तीही अति प्रमाणात घेतल्यास संरक्षण देत नाहीत.

पडताळणी वजनकाट्यावर करता येते. समजा, धावण्यापूर्वी वजन ६० किलो होते, २ तासांत अर्धा लिटर पाणी प्यायले आणि घाम पुसून, कोरड्या कपड्यांत वजन ५८.८ किलो भरले. घट १.२ किलो, त्यात प्यायलेले अर्धा लिटर मिळवले की घाम सुमारे १.७ लिटर, म्हणजे तासाला साधारण ८५० मिलिलिटर. एवढे सगळे धावतानाच भरून काढण्याची गरज नसते. बहुतेकांना तहानेनुसार पिणे पुरते. वजन वाढलेले दिसले, तर मात्र पाणी नक्कीच जास्त झाले आहे. त्यासोबत गोंधळलेपणा असल्यास पाणी न पाजता तातडीने रुग्णालय गाठावे.