साइजमुळे परत आलेली ईमेल आणि मोठ्या फाईलची लिंक

मोठी अटॅचमेंट जोडलेली ईमेल समोरच्या सर्व्हरने 'एवढी मोठी घेत नाही' म्हणून नाकारली की पाठवणाऱ्याकडे एक नोटीस येते, त्यालाच मेल बाउन्स होणं म्हणतात. नोटीस Mail Delivery Subsystem किंवा MAILER-DAEMON या नावाने येते आणि बरेच जण ती स्पॅम समजून न वाचताच उडवतात, आणि मग चार दिवसांनी फोन येतो की अहो फाईल कधी पाठवताय.

नोटीस लांबलचक असते पण कामाची ओळ एकच, ती साधारण अशी:

```
552 5.3.4 Message size exceeds fixed limit
```

यातला पहिला आकडा ५ ने सुरू झाला म्हणजे नकार कायमचा, तीच मेल पुन्हा पुन्हा पाठवून काही होत नाही. ४ ने सुरू झाला तर अडचण तात्पुरती, सर्व्हर स्वतःच नंतर परत प्रयत्न करतो. आता एक घोळ आहे, नुसतं 552 बघून साइजचं कारण समजू नका, कारण काही सर्व्हर समोरच्याचा मेलबॉक्स भरला तरी 552 च देतात. म्हणून मधला ठिपक्यांचा आकडा बघायचा. 5.3.4 किंवा 5.2.3 असेल तर मेल मोठी झालीय, 5.2.2 असेल तर मेलबॉक्स भरलाय (तिथे आधी फोन करून जागा करायला सांगा), आणि 5.1.1 म्हणजे पत्ताच चुकलाय.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो फाईल लिमिटपेक्षा लहान असूनही परत येते तेव्हा. समजा दिवाळी अंकाच्या कव्हरची ९ एमबीची पीडीएफ जीमेलवरून प्रेसला पाठवली, प्रेसवाले म्हणतात आमची लिमिट १० एमबी आहे, तरी मेल परत. दोघंही खरं बोलतायत! ईमेल मुळात साध्या अक्षरांसाठी बनलेली, त्यामुळे अटॅचमेंट जाताना बेस६४ नावाच्या पद्धतीने अक्षरांत बदलली जाते, दर ३ बाइटचे ४ होतात, वर प्रत्येक ७६ अक्षरांनंतर नवी ओळ, तिचे २ बाइट वेगळे. म्हणजे ९ एमबीचे ९४,३७,१८४ बाइट प्रवासात जवळपास १ कोटी २९ लाख होतात. पोस्टफिक्स या खूप वापरल्या जाणाऱ्या मेल सर्व्हरची मूळ लिमिट १,०२,४०,००० बाइट असते, आणि लहान ऑफिसात ती कोणी बदललेलीच नसते. अशा ठिकाणी खरी फाईल साधारण ७ एमबीचीच जाते. ढोबळ हिशोब असा, सांगितलेल्या लिमिटचा पाऊण भागही धरू नका, ७० टक्के धरा.

जीमेल इथे वाचवत नाही. २५ एमबीच्या वर गेलं की ते आपणहून फाईल ड्राइव्हवर टाकून लिंक देतं, पण ९ एमबी त्याला लहानच वाटते, अटॅचमेंट म्हणूनच जाते आणि पलीकडे आपटते. सीसीमधल्या एकाला मिळाली, दुसऱ्याला नाही, असं होतं तेही यामुळेच, प्रत्येकाच्या सर्व्हरची लिमिट वेगळी. झिप करून बघतात लोक, पण फोटोंनी भरलेली पीडीएफ आधीच दाबलेली असते, झिपने फार काही कमी होत नाही. पीडीएफच कमी क्वालिटीत सेव्ह केली तर साइज उतरते खरी, पण छपाईला पाठवायच्या फाईलचं ते करू नये, फोटो फाटतात.

मग लिंक. फाईल ड्राइव्हवर चढवायची, शेअरमध्ये जाऊन मेलमध्ये फक्त पत्ता पाठवायचा, मेल काही केबीची होते. पण इथे दुसरी चूक ठरलेली. नवीन फाईलला Restricted सेटिंग असतं, म्हणजे लिंक हातात असूनही प्रेसवाल्याला परवानगी मागायची स्क्रीन दिसते आणि ती रिक्वेस्ट तुमच्या इनबॉक्सात रात्रभर पडून राहते. एकतर त्याचा गूगल खात्याचा ईमेल जोडा, नाहीतर Anyone with the link करून Viewer ठेवा. दुसऱ्या पर्यायात लिंक ज्याच्या हाती पडेल तो फाईल उघडू शकतो, त्यामुळे आधार, पॅन, बँकेचे कागद असे पाठवू नयेत. पाठवण्याआधी लिंक इन्कॉग्निटो विंडोत उघडून बघा, तिथे उघडली तर समोरच्याकडेही परवानगीची अडचण येणार नाही. स्वतःच्या लॉगिनमध्ये उघडून बघणं म्हणजे काहीच तपासलं नाही, कारण तुम्हाला ती दिसणारच. काही कंपन्या ड्राइव्हच ब्लॉक करतात, तिथे मात्र त्यांनाच विचारावं की फाईल कुठे टाकू.

मेलमध्ये लिंकसोबत फाईलचं नाव आणि साइज लिहावी, म्हणजे डाउनलोड अर्धवट झालं तर त्याला कळतं. कव्हरमध्ये दुरुस्ती निघाली तर जुनी फाईल डिलीट करून नवी चढवू नका, लिंक बदलते आणि प्रेसकडे जुनी मेल उघडणाऱ्याला नवी फाईल मिळत नाही. Manage versions मधून त्याच फाईलवर नवी आवृत्ती टाकली की लिंक तीच राहते. फक्त त्याने आधीची डाउनलोड करून ठेवली असेल तर ती आपोआप बदलत नाही, त्यामुळे तेवढा एक फोन करावाच लागतो.