जिभेवरचा व्रण आणि मिलिमीटरचा हिशेब

"व्हय ओ डॉक्टर, फोड जिभंवर हाय, मग मान कशाला कापाय लागतीया?"

करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळवाल्याचा मुलगा बायोप्सीचा कागद घेऊन माझ्याकडे आला होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मी कोल्हापुरात पॅथॉलॉजिस्ट आहे, तुकडे तपासणं हे माझं काम. वडील ५२ वर्षांचे, तंबाखू-चुन्याची सवय तरुणपणापासूनची. जिभेच्या उजव्या कडेला तीन महिने न भरलेला व्रण होता. दाढ लागत असेल म्हणून आधी दाढ घासून घेतली, मग तोंड आल्याच्या गोळ्या झाल्या, आणि शेवटी बायोप्सीत कॅन्सर निघाला. व्रण १.८ सेंटीमीटरचा, म्हणजे सुपारीपेक्षाही लहान. मानेत हाताला गाठ लागत नव्हती, सोनोग्राफीतही काही दिसलं नव्हतं. मुलाचा प्रश्न अगदी रास्त होता.

कॅन्सरची अवस्था टीएनएम या पद्धतीनं ठरते. टी म्हणजे मूळ गाठ, एन म्हणजे लसिकाग्रंथी आणि एम म्हणजे दूरच्या अवयवांत झालेला प्रसार. फ्रेंच शल्यचिकित्सक पिएर डनवा यांनी १९४०च्या दशकात तिची मांडणी केली. तोंडाच्या कॅन्सरमध्ये टी मुख्यतः फूटपट्टीनं ठरायचा. दोन सेंटीमीटरपर्यंत टी१, चारपर्यंत टी२, त्यापुढे टी३, आणि जबड्याचं हाड किंवा गालाची कातडी पोखरली असेल तर टी४. या जुन्या हिशेबानं आमचा रुग्ण टी१ झाला असता.

पण जीभ म्हणजे कागद नव्हे. वरच्या नाजूक आवरणाखाली लगेच स्नायू लागतात, आणि त्या स्नायूंत लसिकावाहिन्यांचं दाट जाळं असतं. वरच्या थरातल्या वाहिन्या बारीक असतात, खाली जावं तशा त्या मोठ्या होतात. शिवाय बोलताना, गिळताना जीभ सतत आकुंचन पावते आणि वाहिन्यांतला द्रव मानेतल्या लसिकाग्रंथींच्या दिशेनं ढकलला जातो. त्यामुळे वरून पसरलेल्या पण उथळ गाठीपेक्षा लहान आणि खोल गाठ मानेत लवकर पोचू शकते. म्हणूनच २०१८ पासून वापरात आलेल्या टीएनएमच्या आठव्या आवृत्तीत खोलीचा निकष आला. दोन सेंटीमीटरच्या आतली गाठ ५ मिलिमीटरपेक्षा जास्त खोल गेली असेल, तर ती टी१ राहत नाही, टी२ होते. खोली १० मिलिमीटर ओलांडली की टी३.

इथे एक गोंधळ नेहमी होतो, आणि तो रिपोर्टमध्येही दिसतो. गाठीची जाडी आणि गाठीची खोली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जाडी मोजताना गाठीच्या स्वतःच्या पृष्ठभागापासून तळापर्यंत मोजतात. खोली मोजताना आधी शेजारच्या निरोगी आवरणाची तळरेषा शोधायची, ती रेषा गाठीवरून पलीकडे कल्पनेनं ओढायची आणि तिथून गवंडी ओळंबा सोडतो तसं सरळ खाली, कॅन्सरच्या सर्वांत खोल पेशीपर्यंत मोजायचं.

गुऱ्हाळवाल्यांचं ऑपरेशन झालं आणि जिभेचा तो भाग माझ्या टेबलावर आला. व्रण मधोमध खचला होता. खड्ड्याच्या तळापासून मोजलं तर जाडी ५ मिलिमीटर भरत होती. खड्डा स्वतः २ मिलिमीटरचा. निरोगी कडेच्या तळरेषेपासून मोजल्यावर खोली आली ७. म्हणजे नुसती जाडी धरली असती तर गाठ टी१ मध्येच राहिली असती. खरी अवस्था टी२ होती. याच्या उलटही होतं. फुलकोबीसारखी वर आलेली गाठ ९ मिलिमीटर जाड असते, पण त्यातले ६ मिलिमीटर तळरेषेच्या वरच असतात. खाली शिरलेली असते फक्त ३. बघायला ती भयंकर दिसते, पण खचलेल्या व्रणाइतकी आत गेलेली नसते.

आता मुलाच्या प्रश्नाकडे वळते. मानेत काही दिसत नसताना ग्रंथी काढायच्या, की थांबून नजर ठेवायची आणि गाठ आली तरच काढायच्या, यावर वर्षानुवर्षं मतभेद होते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी सुरुवातीच्या अवस्थेतल्या ५०० रुग्णांचे निष्कर्ष २०१५ मध्ये मांडले. ग्रंथी आधीच काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात होते, थांबून पाहिलेल्यांपैकी ६७.५ टक्के. त्यातले बहुतांश रुग्ण जिभेच्या कॅन्सरचे होते, हे लक्षात ठेवायला हवं. ३ मिलिमीटरपेक्षा उथळ गाठींत मात्र असा फायदा स्पष्ट दिसला नाही. म्हणून साधारण ३-४ मिलिमीटरच्या पुढे मानेचं ऑपरेशन सुचवतात. त्याखाली सर्जन रुग्णाशी बोलून ठरवतो, आणि थांबायचं ठरलं तर ठरावीक दिवसांनी मानेची सोनोग्राफी चुकवून चालत नाही.

अडचण अशी, की ऑपरेशनच्या आधी ही खोली अचूक कळत नाही. बायोप्सीचा तुकडा एवढासा असतो, तो तळापर्यंत पोचलेलाच नसतो. त्यावरून खोली सांगायची मला कोणी गळ घातली तर मी नकार देते. एमआरआयमध्ये अंदाज येतो, पण गाठीभोवतीची सूजही तिच्यात मोजली जाते आणि आकडा दोन-तीन मिलिमीटरनं फुगू शकतो. बायोप्सीनंतर लगेच एमआरआय केला तर सूज आणखी घोळ घालते. अनुभवी सर्जन बोटांनी जीभ चाचपून कडकपणा किती खोल जातो ते बघतो, आणि तो अंदाज बऱ्याचदा कामी येतो. आमच्या रुग्णाच्या एमआरआयमध्ये ९ मिलिमीटर आले होते. आकडा फुगलेला धरला तरी ३-४ च्या खूप पुढे, त्यामुळे मानेचा निर्णय बदलत नव्हता.

जिभेतून गाठ काढतानाही हाच आकडा लागतो. सर्जन गाठीच्या चहूबाजूंनी साधारण एक सेंटीमीटर निरोगी भाग घेतो, आणि तेवढाच खालूनही. तुकडा टिकवायला ज्या फॉर्मालिनमध्ये ठेवतात, त्यात मांस आकसतं. माझ्याकडे मोजताना किमान ५ मिलिमीटर निरोगी कड उरली पाहिजे. बाजूची कड डोळ्यांना दिसते, खालची दिसत नाही, म्हणून कमी पडते ती बहुधा खालची. मलाही काप काटकोनातच घ्यावे लागतात. तिरका काप पडला की ९ मिलिमीटरची खोली ११-१२ दिसू लागते आणि अवस्था उगाच वर सरकते.

मानेतून २८ ग्रंथी मिळाल्या. त्यांतल्या एकीत, हनुवटीच्या रेषेखाली उजवीकडे, ४ मिलिमीटरची कॅन्सरची वस्ती होती. हाताला ती लागणं शक्य नव्हतं. ती ग्रंथीच्या कवचाबाहेर पडलेली नव्हती. जिभेच्या कडा मोकळ्या होत्या, पण खोलवर एका बारीक मज्जातंतूभोवती कॅन्सरच्या पेशी गुंडाळलेल्या दिसल्या. टी२, एन१, म्हणजे तिसरी अवस्था. फक्त एक लहान ग्रंथी असती तर रेडिएशनबद्दल दोन मतं झाली असती; मज्जातंतूमुळे ते द्यायचं ठरलं. कवच फुटलं असतं किंवा कडेला कॅन्सर उरला असता, तर सोबत केमोथेरपीही लागली असती.

मुलगा पुन्हा आला तेव्हा मी त्याला सूक्ष्मदर्शकातून ती ग्रंथी दाखवली. निळसर दाण्यांच्या गर्दीत एक गुलाबी बेट. बराच वेळ डोळा लावून तो बघत राहिला आणि म्हणाला, "हे मानंत हुतं व्हय?" पाचव्या आठवड्यात, जखम भरल्यावर आणि दाताच्या डॉक्टरांनी दोन किडक्या दाढा काढल्यावर, रेडिएशन सुरू झालं. रोज एक बैठक याप्रमाणे आठवड्यातून पाच दिवस, एकूण ३०.