मूल १८ वर्षांचं झालं, आता सही कोणाची?

आमच्याकडे येणाऱ्या, बौद्धिक दिव्यांग मुलांच्या बहुतेक आईवडिलांचा पहिला प्रश्न हाच असतो, की आम्ही आईबाप आहोत ना, मग वेगळं पालकत्व कशाला? तर १८ पूर्ण झाले की कायद्याने आईबापांचं पालकत्व, म्हणजे मुलाच्या वतीने सही करायचा हक्क, संपतो, मूल बौद्धिक दिव्यांग असलं तरी, आणि बऱ्याच जणांना हे थेट बँकेच्या काउंटरवर कळतं.

यासाठी नॅशनल ट्रस्टचा १९९९ चा कायदा आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते, ती पालक नेमून सर्टिफिकेट देते, कोर्टात जावं लागत नाही. पेन्शन, बँक, दवाखाना यांना बरेचदा एवढं पुरतं, म्हणून आधी हेच करा, उगाच कोर्टाचा खर्च करू नका.

कोर्टाची वेळ येते ती बहुधा घर विकताना. आमच्याकडच्या एका घरचं सांगतो (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). वडील मृत्युपत्र न करता गेले, फ्लॅटला वारस तिघं, आई, ताई आणि ३४ वर्षांचा बौद्धिक दिव्यांग दादा, प्रत्येकाचा एक तृतीयांश हिस्सा. आईला जिने झेपेनात म्हणून लिफ्टच्या घरात जायचं ठरलं, ६० लाखांचा व्यवहार, ताईकडे समितीचं सर्टिफिकेटही होतं, पण खरेदीदाराची बँक म्हणाली दादाच्या हिश्शासाठी कोर्टाची परवानगी आणा.

मग जिल्हा न्यायालयात अर्ज केला. सोबत दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट, वारसांची यादी, आईचं ना हरकत अॅफिडेव्हिट, फ्लॅटची कागदपत्रं आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे विक्री कशासाठी आणि दादाचे पैसे कुठे राहणार ते. हा शेवटचा भाग लोक दोन ओळींत उरकतात आणि तिथेच अर्ज अडकतो, कारण कोर्ट ताईची सोय बघत नाही, दादाचं हित बघतं. नातेवाइकांना नोटीस गेली, तारखा पडल्या, मग न्यायाधीशांनी दादाला चेंबरमध्ये बोलावलं. कुठे राहतोस, कोणाबरोबर राहायचंय, एवढंच विचारलं, त्याने ताईच्या ओढणीचं टोक धरलं आणि "हिच्याकडे" म्हणाला. त्याला आधीच पढवून आणू नका, ते लगेच कळतं आणि शंका येते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं मर्यादित पालकत्वसुद्धा त्या व्यक्तीशी बोलून, ठराविक निर्णयापुरतंच असतं.

परवानगी मिळाली, पण अटींवर: दादाचे २० लाख त्याच्याच नावाच्या एफडीत, कोर्टाला विचारल्याशिवाय मोडायची नाही, व्याज त्याच्या खर्चाला.

इसार घ्यायच्या आधी आमच्याकडे या, नंतर नको, कारण करारातली मुदत कोर्टाच्या तारखांसाठी थांबत नाही. आणि समितीने पालक नेमलं की ६ महिन्यांत मालमत्तेची यादी, पुढे दरवर्षी हिशोब द्यावा लागतो, त्यासाठी औषधांच्या पावत्यासुद्धा एका फाइलीत ठेवा.